आजीच्या पत्रातल्या तीन 'सिस्टर-इन-लॉ' आणि एक 'अंकल'

चाफेकळी

आजीची जुनी पत्रं सापडली आहेत. बहुतेक सगळी तिने सासरहून तिच्या आईला लिहिलेली. मावशीची नातवंडं परदेशात वाढलेली, त्यांना मराठी बोललेलं कळतं पण वाचता येत नाही. म्हणून सगळी पत्रं इंग्रजीत करायला घेतली आहेत. पहिला मसुदा माझ्या मावसबहिणीच्या मुलाने केला आणि तिथेच घोळ झाला. 1958 सालचं एक पत्र देते, मजकूर जसाच्या तसा:

"ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि. मामंजींचा खोकला अजून हटत नाही. वन्सं बाळंतपणाला आल्या आहेत. त्यांना काय हवं नको ते आत्याबाई मलाच बघायला सांगतात, जाऊबाईंना ते आवडत नाही. धाकटे भाऊजी परीक्षेला बसले. तिकडे करमत नाही असं ह्यांचं पत्र आलं. काल दाजी येऊन गेले. लुगडं पोचलं, वहिनीला सांग रंग फार आवडला. भाऊबीजेला आत्याबाई येतील, त्यांच्याबरोबर मीही येईन. दादांना नमस्कार."

पोराच्या इंग्रजीत मामंजी 'अंकल' झाले, आत्याबाई 'आँट'. वन्सं, जाऊबाई आणि वहिनी तिघीही 'सिस्टर-इन-लॉ'. म्हणजे एक सिस्टर-इन-लॉ बाळंतपणाला आली, ते दुसरीला आवडलं नाही आणि तिसरीने लुगडं पाठवलं. 'ह्यांचं पत्र' तर 'देअर लेटर' झालंय. हसून झालं, पण आता करायचं काय? कोण कोणाचं कोण हे मलाही सगळं नक्की सांगता येत नाही.

रोखठोक

मूळ अडचण इंग्रजीची आहे. त्यांच्याकडे नातीच धड नाहीत तर शब्द कुठून येणार? मामा, काका, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, शेजारचा गृहस्थ, सगळे अंकल. जिथे माणसं जपत नाहीत तिथे शब्दही नसतात. तुम्ही सरळ मराठी शब्द ठेवा आणि त्यांना शिकू द्या.

बाकी यादी सोपी आहे. मामंजी म्हणजे आईचा भाऊ, आदराने 'जी'. भाऊजी म्हणजे बहिणीचा नवरा. वन्सं म्हणजे नणंद. जाऊबाई म्हणजे दिराची बायको.

जुनाखलिता

रोखठोक, वन्सं बरोबर. जाऊबाईही बरोबर, फक्त 'बाई' लावलंय म्हणून थोरली धरा. धाकट्या जावेला सहसा नावानेच हाक मारत, आणि इथे तर धाकटा दीर अजून परीक्षाच देतोय. मामंजी मात्र चुकले. मामंजी म्हणजे सासरे. आणि सून लिहिते तेव्हा 'धाकटे भाऊजी' म्हणजे धाकटा दीर. बहिणीच्या नवऱ्यालाही भाऊजीच म्हणतात, पण 'धाकटे' लावून परीक्षेला बसवलेला माणूस घरातलाच असणार.

पत्र वाचताना आधी दोन गोष्टी ठरवायच्या: लिहिणारी कुठे बसली आहे आणि पत्र कुठे चाललंय. इथे ती सासरी आहे, पत्र माहेरी जातंय. 'आल्या', 'बसले', 'बघायला सांगतात' ही सगळी सासरची माणसं. 'सांग', 'नमस्कार' ही माहेरची. म्हणून 'वहिनीला सांग' मधली वहिनी तिच्या भावाची बायको, आणि दादा बहुधा तिचे वडील.

'ह्यांचं' म्हणजे नवऱ्याचं. नाव घ्यायचं नाही म्हणून सर्वनाम. त्या पिढीच्या बाईच्या पत्रात नाव न घेता आदरार्थी 'हे' आलं की नवरा समजायचा. इंग्रजीत सरळ 'माय हजबंड' करा. 'ही' केलंत तर मागच्या वाक्यातला दीर वाटेल.

चाफेकळी

अय्या, दीर परीक्षेला बसला आणि पुढच्याच वाक्यात त्याला करमत नाही, असाच अर्थ लागत होता! आजोबा तेव्हा बदलीच्या गावी एकटे असायचे, हे ऐकलंय. जुळलं.

पण आत्याबाई? वडिलांच्या बहिणीचं आजीच्या सासरी काय काम? मी पण 'आत्या'च समजत होते.

मोरपीस

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, चालेल ना? माझ्या नवऱ्याची मावशी वारली, मी रजेच्या अर्जात 'मदर-इन-लॉ' लिहिलं. आमच्यात मावससासूला सासूच म्हणतात. आता वरचे विचारतायत, तुमच्या सासूबाई मागच्या वर्षीच वारल्या ना? मावससासूला इंग्रजीत काय लिहायचं?

गावकूस

@मोरपीस 'हजबंड्स मदर्स सिस्टर'. लांबलचक आहे पण दोनदा सासू मारावी लागणार नाही.

जुनाखलिता

आता आत्याबाईंकडे येऊ, कारण या पत्राची किल्ली तिथेच आहे.

आत्याबाई म्हणजे सासूबाई. मामंजी सासरे, आत्याबाई सासू, ही जोडीच आहे. हे शब्द निव्वळ लाडाने पडलेले नाहीत. महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मुलाने मामाची मुलगी करायची पद्धत आहे. आता हेच मुलीच्या बाजूने मांडून बघा. ती ज्या घरी जाते तिथली सासू तिच्या वडिलांची बहीण असते, म्हणजे सख्खी आत्या. नवरा आतेभाऊ. नणंद आतेबहीण. ज्या घरात असं लग्न झालेलं नाही तिथेही शब्द मात्र तेच राहिले. म्हणून परक्या घरातून आलेली सूनही सासूला आत्या किंवा आत्याबाई म्हणते.

इरावती कर्वे यांचं नातेव्यवस्थेवरचं पुस्तक 1953 साली आलं. त्यात त्यांनी महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात घातला आहे. उत्तरेकडे अशी लग्नं निषिद्ध, दक्षिणेकडे पसंतीची, आणि आपण दोन्हींच्या मध्ये. आपले बरेच शब्द उत्तरेच्या भाषांसारखे, पण सासू-सासऱ्यांना हाक मारताना आपण दक्षिणेचे होतो. कन्नडमध्येही मामा आणि सासरा यांना एकच शब्द चालतो, 'माव'. आत्या आणि सासूला 'अत्ते'.

सांजवात

थांबा, यात एक गाठ आहे. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर मुलाचा सासरा त्याचा मामा होतो, हे कळलं. पण मुलीचा सासरा तिच्या आत्याचा नवरा झाला. तो तिचा मामा कसा? ती का 'मामंजी' म्हणते?

जुनाखलिता

नेमका प्रश्न. आमच्याकडे, आणि खेड्यांतून अनेक ठिकाणी, आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. दक्षिणेतल्या मांडणीत आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा हे तिघे एकाच शब्दात बसतात. तिथे दोन्ही बाजूंनी देवघेव चालते, म्हणजे मामाची मुलगी करता येते तशी आत्याचीही. तसं झालं की आईचा भाऊ आणि आत्याचा नवरा हा एकच माणूस होऊ शकतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत आत्याची मुलगी करत नाहीत, दिलेल्या घरातून मुलगी परत आणायची नाही म्हणून. पद्धत एकाच बाजूची उरली तरी शब्द दोन्ही बाजूंचा राहिला. निदान मला तरी ते असंच दिसतं.

रोखठोक

आमच्याकडे आत्याचा नवरा काका. मामा कधीच नाही.

जुनाखलिता

असेल. काही घरांत काका, काही घरांत आतोबा. तिथल्या सुनाही सासऱ्यांना मामंजी म्हणतात, पण त्यांना त्यात मामा दिसत नाही, म्हणूनच तुम्हाला तो आईचा भाऊ वाटला.

आणि इंग्रजीला गरीब म्हणताना जरा दमाने घ्या. जुन्या इंग्रजीत आईच्या भावाला 'एआम' होता, वडिलांच्या भावाला 'फॅडेरा'. नॉर्मन आल्यावर फ्रेंच 'अंकल' आला आणि दोन्ही गेले. गंमत अशी की त्या अंकलचं मूळ लॅटिन 'अवुंकुलुस', आणि त्याचा अर्थ फक्त मामा. काकाला लॅटिनमध्ये 'पत्रूउस' होता. स्वीडिशमध्ये आजही मामा 'मूरब्रूर' आणि काका 'फारब्रूर' असे वेगळे आहेत. तिथे माणसं फार जपतात आणि इंग्लंडात जपत नाहीत असं काही म्हणता येणार नाही.

आपणही सगळं कुठे वेगळं ठेवतो? हिंदीत वडिलांचा थोरला भाऊ ताऊ आणि धाकटा चाचा. आपले दोघेही काका. वडिलांचे वडील आणि आईचे वडील दोघेही आजोबा, हिंदीत दादा आणि नाना. मुलाचा मुलगा नातू, मुलीचा मुलगाही नातू. हिंदीवाल्याने मराठीला गरीब म्हटलं तर?

रोखठोक

थोरले काका, धाकटे काका म्हणतो की आम्ही.

गावकूस

मग इंग्रजही 'मॅटर्नल अंकल' म्हणतात की. :)

चाफेकळी

सगळ्यांनी श्वास घ्या. माझा प्रश्न: आजीच्या आत्याबाई खरंच तिची आत्या होत्या की नुसती हाक? घरात हे कधी कोणी बोललेलं नाही. आजोबा-आजी नात्यातले असतील हे मला नवीन आहे. आणि असं लग्न कायद्यात बसतं का? भावा-बहिणीची मुलं म्हणजे निषिद्ध नातं ना?

सांजवात

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीची मुलं निषिद्ध नात्यातच धरली आहेत, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर लग्न चालतं. त्यात काळजीसारखं काही नाही.

जुनाखलिता

पत्रातच खूण आहे. 'भाऊबीजेला आत्याबाई येतील, त्यांच्याबरोबर मीही येईन.' पत्र लिहिणारीच्या माहेरी, तिच्या आईला चाललंय. सासूबाई भाऊबीजेला सुनेच्या माहेरी कशाला जातील? तिथे त्यांचा भाऊ असेल तरच. सून आणि सासू दोघींचं माहेर एक आहे. शेवटी नमस्कार केलेले दादा हेच बहुधा त्यांचे भाऊ.

आता मधलं वाक्य पुन्हा वाचा. वन्संना काय हवं नको ते आत्याबाई मलाच बघायला सांगतात, जाऊबाईंना ते आवडत नाही. थोरली सून घरात असताना लेकीच्या बाळंतपणाचं सासूने धाकटीवर सोपवलं. का? धाकटी तिच्या भावाची मुलगी, तिची भाची. थोरली बाहेरून आलेली. एका ओळीत अख्खं घर आहे. सासूचा कल कुठे, थोरलीला काय खुपतंय, आणि नवी सून ते आईला किती सांभाळून कळवते आहे. 'मदर-इन-लॉ आस्क्स मी' एवढंच लिहिलंत तर ते कामाचं ओझं वाटेल. मूळात तो मान आहे.

चाफेकळी

अहो! आई म्हणायची की थोरल्या आजी आणि आमची आजी कधी मनमोकळं बोलल्या नाहीत. कारण कोणाला माहीत नव्हतं.

गावकूस

सख्खीच आत्या कशावरून? दादांची चुलतबहीणही असू शकते. तिला सख्खा भाऊ नसेल तर भाऊबीजेला चुलतभावाकडेच येणार. आणि थोरल्या सुनेला हे आवडत नाही याची आणखी दहा कारणं असतील. एका पत्रावरून भांडणाचं मूळ काढू नका.

जुनाखलिता

मान्य. सख्खी की चुलत हे पत्रावरून कळणार नाही. वंशावळ किंवा जुनी लग्नपत्रिका मिळाली तर आत्याबाईंच्या माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव बघा. आडनाव आजीच्या माहेरचंच निघालं तर निदान भावकी पक्की. वडिलांचं नाव आजीच्या आजोबांचं निघालं तर सख्खी.

मोरपीस

माझ्या बहिणीचा मुलगा म्हणजे माझा भाचाच ना? वर 'भावाची मुलगी भाची' लिहिलंय म्हणून विचारते.

सांजवात

आमच्या घरी बाईने बहिणीच्या मुलाला भाचा म्हटलेलं चालायचं नाही. मावशी म्हणजे आईच, तिच्यासाठी तो मुलगाच. भाचा भावाचा. पुरुषाचं उलटं: त्याच्या बहिणीचा मुलगा भाचा आणि भावाचा मुलगा पुतण्या.

मोरपीस

आम्ही सगळे सर्रास म्हणतो भाचा. मग काय म्हणायचं, 'बहिणीचा मुलगा'?

सांजवात

हो, आमच्याकडे तसंच म्हणतात. तुमच्याकडे भाचा चालत असेल तर चालू द्या.

जुनाखलिता

सांजवातचं घर जुना हिशोब पाळतंय. बाईचा भाचा भावाकडून आणि पुरुषाचा भाचा बहिणीकडून, म्हणजे भाचा नेहमी भाऊ-बहीण या जोडीच्या पलीकडचा. मामेभावंडं आणि आतेभावंडं याच बाजूला येतात, आणि सोयरीक जुळायची तीही इथेच. दोन बहिणींची किंवा दोन भावांची मुलं मात्र एकमेकांना भावंडंच, तिथे लग्नाची गोष्ट निघत नाही. 'मावसभाऊ' आणि 'आतेभाऊ' दोन्ही इंग्रजीत कझिन, पण एकाशी लग्न होऊ शकायचं आणि दुसऱ्याशी नाही. मोरपीस म्हणतात तो वापरही आता इतका पसरला आहे की त्याला चूक म्हणायची माझी तयारी नाही.

रोखठोक

ठीक आहे, मामंजी सोडले. पण भाषांतराचं काय? मी अजूनही म्हणतो, मराठी शब्द ठेवा.

गावकूस

मी उलट म्हणेन. मुलांना 'वन्सं', 'जाऊबाई', 'आत्याबाई' एका परिच्छेदात दिलेत तर तिसऱ्या ओळीला पत्र मिटवतील. माणसांची नावं टाका. वन्संचं नाव काय ते टाका, संपलं.

जुनाखलिता

नावं टाकली तर पत्र खोटं होईल. आजीने या माणसांना नावाने हाक मारलीच नाही, तीच तर पत्रातली अदब. तीसेक पत्रं असतील तर शब्द सातआठच पुन्हा पुन्हा येतील, मुलं दोन पत्रांत शिकतात. फक्त सुरुवातीला एक वंशवृक्ष द्या, मध्यभागी आजी, आणि प्रत्येक चौकटीत नाव व आजी मारायची ती हाक. हाकेचे शब्द आजीच्या जागेवरून आहेत, वंशवृक्ष पणजोबांपासून काढलात तर ते जुळणार नाहीत.

शंका आली की मानववंशशास्त्रवाले वापरतात ती अक्षरं वापरा, इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना सोयीची आहेत. M आई, F वडील, B भाऊ, Z बहीण, H नवरा, W बायको. S मुलासाठी राखलेला आहे म्हणून बहिणीला Z. थोरल्याला आधी e, धाकट्याला y. मग वन्सं HZ, जाऊबाई HeBW, वहिनी BW, धाकटे भाऊजी HyB. तीन सिस्टर-इन-लॉ चटकन सुट्या होतात. आत्याबाई HM, आणि गावकूसची अट पूर्ण झाली तर त्याच FZ सुद्धा. दोन्ही लिहा.

चाफेकळी

हे आवडलं. चौकटीत दोन्ही लिहीन, FZ पुढे प्रश्नचिन्ह ठेवून. आता फक्त दाजी राहिले. थोरल्या बहिणीचा नवरा ना?

रोखठोक

अर्थात. आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात. लुगडं त्यांनीच माहेरहून आणून दिलं, म्हणून पुढच्याच वाक्यात लुगडं पोचलं.

सांजवात

पण वन्सं बाळंतपणाला आल्या आहेत. त्यांचा नवरा बायकोला बघायला येऊन गेला असेल की! नवरा त्याला दाजी म्हणतो म्हणून बायकोही म्हणते, आमच्या आईचं असंच होतं. 'येऊन गेले' हे जावयाला जास्त शोभतं. लुगडं काय, पोस्टानेही येतं.

रोखठोक

मग लगेच लुगड्याचं वाक्य का?

सांजवात

कारण पत्रातली जागा संपत आली असेल. :)

जुनाखलिता

मला दोन्ही पटतंय. ती वन्सं आजोबांपेक्षा थोरली होती का, ते बघा. धाकटी असेल तर आजोबा तिच्या नवऱ्याला दाजी म्हणायची शक्यता कमी, मग रोखठोकचं पारडं जड. आणि आजीला लग्न झालेली थोरली बहीण 1958 मध्ये होती का?

चाफेकळी

थोरली बहीण होती, लग्न झालेलं होतं की नाही ते मावशीला विचारते. वन्संचं वय शोधावं लागेल. पुढच्या पत्रात 'दाजींनी बारशाला' एवढं दिसतंय आणि पुढे शाई फुटली आहे. भिंगाखाली घालून बघते आणि इथेच लिहिते.